पाठीमागून पाहिलेली चाल

सत्तरच्या दशकात फिजिओथेरपी म्हणजे काय हे साताऱ्यात कुणाला सांगायचं म्हटलं की माझी पंचाईत व्हायची. शेजारच्या काकूंना मी मालिश शिकायला मुंबईला गेलेय असंच शेवटपर्यंत वाटत राहिलं. वडील लोकांना अभिमानानं सांगत, "पोरगी लोकांना चालायला शिकवती." त्यात खोटं काही नव्हतं. फक्त चालायला शिकवण्याआधी माणूस कसा चालतो ते बघायला शिकावं लागतं, हे मला शेवटच्या वर्षी सांगलीत आल्यावर कळलं.

शेवटच्या परीक्षेआधी काही महिने आम्हाला मोठ्या रुग्णालयांत प्रत्यक्ष काम करायला पाठवत. माझ्या वाट्याला सांगली आली. सोबत विदर्भातली एक मैत्रीण होती. आम्ही दोघी तिथल्या फिजिओथेरपी विभागाच्या प्रमुख बाईंच्या हाताखाली लागलो. बाई ठेंगण्या, गोऱ्या, केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या आणि आवाजानं खणखणीत. पहिल्याच दिवशी त्यांनी आमची परीक्षा घेतली.

"चालण्याचं एक चक्र म्हणजे काय?"

मी घडाघडा म्हणून दाखवलं. एका पायाची टाच जमिनीला लागली की चक्र सुरू होतं आणि त्याच पायाची टाच पुन्हा लागली की पुरं होतं. त्यात दोन भाग. पाय जमिनीवर असतो तो स्टान्स, हवेतून पुढं जातो तो स्विंग. स्टान्समध्ये आधी टाच टेकते, मग पूर्ण तळवा, मग शरीर त्या पायावरून पुढं सरकतं, मग टाच उचलते आणि शेवटी अंगठा सुटतो. साधारण साठ टक्के वेळ स्टान्सचा, चाळीस स्विंगचा.

"पाठांतर छान आहे," बाई म्हणाल्या. "आता व्हरांड्यात चल आणि हे सगळं मला दाखव."

व्हरांड्यात एक लष्करातून निवृत्त झालेले हवालदार चालत होते. त्यांना डाव्या अंगाचा अर्धांगवायू झाला होता. मिशा अजून झुपकेदार, मात्र डावा हात कोपरात वाकून छातीशी आलेला, मूठ आवळलेली. डावा पाय गुडघ्यात वाकतच नव्हता आणि पंजा खाली झुकून आत वळलेला. तो पाय ते कंबरेपासून बाहेरून गोल फिरवून पुढं आणायचे. पायातल्या बुटाचं टोक फरशीवर सर्रकन घासायचं.

"हेमिप्लेजिक," मी म्हणाले.

"नाव कुणीही सांगेल. बिघाड कुठल्या भागात?"

"स्विंगमध्ये. गुडघा वाकत नाही, पंजा वर उचलत नाही. त्यामुळं पाय लांब पडतो आणि सरळ नेता येत नाही, म्हणून अर्धवर्तुळ काढून न्यावा लागतो."

"आणि टेकताना?"

मी त्यांच्या बुटाकडं बघू लागले. हवालदारच म्हणाले, "बाईजी, टेकताना बाजूची कड पहिली लागती. टाच कुठली लागतीय? आणि त्या पायावर जास्त वेळ थांबायला भ्या वाटतं. उजवा झटदिशी टाकतो."

बाई हसल्या. "बघ. हे उत्तर पेपरात लिहिलंस तर पूर्ण मार्क."

बाईंची एक पद्धत होती, तिची आम्हाला आधी फार मजा वाटायची. टेबलामागं बसून त्या आम्हाला डोळे मिटायला लावत आणि व्हरांड्यातल्या पावलांचे आवाज ओळखायला सांगत. हवालदारांचा सर्रकन आवाज आम्ही दुसऱ्याच दिवशी ओळखला. काही दिवसांनी एक नवा आवाज आला. एक पाऊल नीट, आणि दुसरं थप्पकन. जणू कुणी ओली चप्पल फरशीवर आपटतंय.

डोळे उघडले तर दारात जतकडचा एक शेतकरी. गुडघा छातीकडे उचलून पाय टाकायचा आणि पंजा आपटायचा. जिन्याची पायरी चढताना आपण पाय उचलतो तसा तो सपाट फरशीवर उचलत होता.

"स्टेपेज," मैत्रीण म्हणाली. "पंजा वर उचलणारे स्नायू गेलेत. स्विंगमध्ये बोटं जमिनीला अडकतील म्हणून तो गुडघा जास्त उचलतो. आणि टाच टेकायच्या वेळी पंजा धरून ठेवता येत नाही, म्हणून आपटतो."

"कशानं झालं, बाबा?" बाईंनी त्याला विचारलं.

"काय ठावं न्हाई. भुईमूग काढत हुतो. दिसभर उकिडवं बसूनच काम. सांजच्याला उठलो तर ह्यो पाय झोपल्यागत. म्हटलं जातील मुंग्या. पर गेल्याच न्हाईत."

बाईंनी त्याच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथं हाडाचा उंचवटा लागतो, तिथं बोटानं दाबून दाखवलं. पंजाची नस तिथून अगदी कातडीखालून वळसा घेते. तासन्‌तास उकिडवं बसलं की ती दबते. कुष्ठरोगानंही हीच नस जाते, म्हणून बाईंनी त्याच्या अंगावर कुठं बधिर चट्टा आहे का ते नीट तपासायला लावलं. तसं काही निघालं नाही. मग त्याच्या चपलेला पुढून रबरी पट्टा लावून तो पोटरीला बांधून दिला, म्हणजे पंजा लोंबकळणार नाही. नस बहुतेक हळूहळू परत येईल असं बाई म्हणाल्या, आणि तशी ती आलीही. जाताना तो आम्हा दोघींना पिशवीभर शेंगा देऊन गेला.

तिसरी चाल मात्र दवाखान्यात दिसेना. पुस्तकात तिचं नाव होतं वॅडलिंग, बदकासारखी झुलणारी. बाई म्हणायच्या, "ही चाल आवाजावरून कळत नाही. समोरूनही फसवते. माणसाला पुढं जाऊ द्यायचं आणि मागून कंबर बघायची." मग स्वतःच पुढं चालून दाखवायच्या. आपण एका पायावर उभे असतो तेव्हा त्याच बाजूचा कुल्ल्याचा स्नायू कंबर समतल धरून ठेवतो. तो कमजोर असेल तर उचललेल्या पायाच्या बाजूची कंबर खाली जाते. तोल सांभाळायला धड उभ्या पायाकडं झुकतं. दोन्ही बाजूंचे स्नायू कमजोर असले की माणूस प्रत्येक पावलाला इकडून तिकडं हेलकावतो. म्हणजे इथं बिघाड स्विंगचा नाही, स्टान्सचा. बाई ते इतकं हुबेहूब करून दाखवायच्या की वॉर्डबॉय तोंडाला हात लावून हसायचा.

एका रविवारी सुट्टी होती म्हणून मी पॅसेंजर पकडून रहिमतपूरला आत्याकडं गेले. आत्याचं घर उसाच्या मळ्यावर पोसलेलं, खातंपितं. आत्येभाऊ, म्हणजे आमचा दादा, फौजेत सरहद्दीकडं कुठंतरी. घरात आत्या, वहिनी आणि वहिनींची तीन लहानगी. पाठोपाठची पोरं, धाकटं अजून अंगावर पिणारं. त्या घरात घोशाची रीत होती. सून उंबऱ्याबाहेर पडायची नाही. पाणी आत यायचं, भाजी आत यायची, बांगडीवालाही ओसरीवरूनच परत जायचा. आत्या स्वतः मात्र मळ्यात जायच्या. वयानं त्यांना ती मुभा दिली होती.

जेवणं झाली. वहिनी ताटं उचलून स्वयंपाकघराकडं निघाल्या. मी मागून पाण्याचा तांब्या घेऊन चालले होते. समोर वहिनींची पाठ. पहिल्या पावलाला धड उजवीकडं, दुसऱ्याला डावीकडं. पदराचं टोक घड्याळाच्या लंबकासारखं हलत होतं. मी जागच्या जागी थांबले. बाई पुढं चालून दाखवायच्या तीच चाल, पण इथं कुणी करून दाखवत नव्हतं.

"वन्सं, काय झालं? पाणी सांडेल की," वहिनी मागं वळून म्हणाल्या.

"काही नाही, वहिनी."

दुपारी त्या जमिनीवरून उठताना पाहिलं. आधी दोन्ही हात जमिनीवर, मग एक हात मांडीवर, मग भिंतीला धरून. चेहरा आवळलेला. आत्यांनी माझी नजर पाहिली आणि म्हणाल्या, "तीन बाळंतपणं झाली की बाईची कंबर ढिली व्हतीच. त्यात आमची ही जरा आळशी." वहिनी हसल्या. त्यांना हे ऐकायची सवय असावी.

परतीच्या गाडीत मला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. पुस्तकातलं प्रश्नोत्तर डोक्यात फिरत होतं. प्रश्न: रुग्ण बदकासारखा चालतो आणि हातांनी मांड्यांना आधार देत उठतो, तर आजार कोणता? उत्तर: स्नायू झिजत जाण्याचा. त्याला औषध नाही हे मला माहीत होतं. पुढं काय होतं तेही माहीत होतं. तीन पोरं आणि दादा इतक्या लांब.

सोमवारी सकाळी बाईंना गाठलं आणि सगळं एका दमात सांगितलं. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी मला बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "तिला दुखतं का?"

"हो. चेहरा आवळला होता."

"कुठं दुखतं?"

"विचारलं नाही."

"पोटऱ्या जाडजूड दिसल्या?"

"नाही."

"वय?"

"माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या."

"अगं, पुस्तकातला तो पेशंट बहुतेक लहान मुलगा असतो, आणि त्याला असं दुखत नाही. चाल आजाराचं नाव सांगत नाही. चाल एवढंच सांगते की उभ्या पायाचे कुल्ल्याचे स्नायू काम करत नाहीत. का करत नाहीत हे शोधायचं काम आपलं. आणि तू मला सांगतेस की ही बाई ऊन बघतच नाही, एकामागून एक बाळंत झाली आणि अजून पाजते आहे." बाईंनी चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. "हाडं मऊ झाली की स्नायूही ढिले पडतात. तिला इथं घेऊन ये."

घेऊन ये म्हणणं सोपं होतं. पुढच्या रविवारी मी पुन्हा रहिमतपूरला गेले. आधी वहिनींना एकटं गाठून विचारलं. त्यांनी मांड्या, कंबर, बरगड्या दाखवल्या. "दाबलं की हाडात कळ येते, वन्सं. अंथरुणात कूस बदलताना जीव जातो. कुणाला सांगायचं? सगळ्या बायकांचं दुखतं म्हणतात."

मग आत्यांपाशी विषय काढला. आत्यांनी पान लावता लावताच नकार दिला. "सांगलीला? रेल्वेनं? दवाखान्यात परपुरुषापुढं? ह्या घरातली सून?"

"आत्या, एवढंच बघा," मी म्हणाले. "वहिनी, जरा एका पायावर उभ्या राहा."

वहिनींनी संकोचत उजवा पाय उचलला. उचललेल्या बाजूची कंबर खाली गेली आणि सगळं अंग डाव्या बाजूला कललं. त्यांनी घाईनं खांब धरला. दुसऱ्या पायावर तसंच.

"त्यात काय? मला बी यायचं न्हाई," आत्या म्हणाल्या.

"करून बघा की."

आत्यांनी पानाचं तबक बाजूला ठेवलं. नऊवारीचा ओचा खोचला आणि एक पाय उचलून उभ्या राहिल्या. कंबर समतल, मान ताठ. तशाच उभ्या राहिल्या. मग पाय बदलून पाहिला. पोरं टाळ्या पिटू लागली. आत्या हसल्या नाहीत. त्यांनी पाय खाली ठेवला आणि सुनेकडं पाहिलं.

"माझं सारं आयुष्य मळ्यात चालण्यात गेलं," त्या हळू म्हणाल्या. "ही माझ्याहून किती धाकटी. तरण्याताठ्या पोरीला खांब का धरावा लागतुया?"

"तेच डॉक्टर शोधतील, आत्या."

"मग मी बी येती. एकली न्हाई पाठवायची." मग सुनेला म्हणाल्या, "आळशी म्हटलं ते मनावर घेऊ नगस." वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

गुरुवारी दोघी आल्या. वहिनी शालीत गुरफटलेल्या, कडेवर धाकटं, आत्या पुढं वाट काढत. बाईंनी वहिनींना आमच्या विभागातल्या पडद्यामागं नेलं, चालायला लावलं आणि आम्हा दोघींना मागं उभं केलं. "सांगा."

मैत्रिणीनं स्टान्सचं सांगितलं, मी धड कुठल्या पायाकडं झुकतं ते सांगितलं. बाईंनी तिथंच थांबवलं. "आता पुढचं डॉक्टरांचं."

फिजिशियन शांत स्वभावाचे होते. त्यांनी रक्त तपासलं आणि कंबरेचा, मांड्यांचा एक्स-रे काढला. फिल्म उजेडापुढं धरून त्यांनी आम्हाला बोलावलं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, आतल्या कडेला, एक बारीक आडवी फट दिसत होती. अपघातातलं मोडणं नव्हे, मऊ हाडाला पडलेली भेग. दुसऱ्या पायातही तशीच.

"ऑस्टिओमलेशिया," ते म्हणाले. मग आत्यांकडं वळून, "आजी, तुमच्या सुनेची हाडं उपाशी आहेत. व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम देऊ. बरी होईल."

"बरी म्हंजी? चालंल?"

"चालेल, उठेल, पोरं उचलेल. थोडे महिने लागतील. आणि रोज उन्हात बसायचं. औषध आम्ही देऊ, ऊन तुम्ही द्यायचं."

आत्या विचारात पडल्या. ऊन कसं द्यायचं हा त्यांच्या घरापुरता मोठा प्रश्न होता. पण त्या व्यवहारी बाई. त्या उन्हाळ्यात रहिमतपूरच्या त्या घराच्या माळवदावर जितक्या कुरडया, पापड आणि सांडगे वाळले तितके आधी कधी वाळले नसतील. शेजारणींनी विचारलं तर आत्या सांगायच्या, "राखायला माणूस लागतंच की, कावळं लय झाल्यात." वहिनी वर बसून राखण करायच्या, हातपाय उघडे टाकून, मांडीवर धाकटं घेऊन.

आधी हाडातली कळ गेली. काही आठवड्यांतच वहिनींनी सांगितलं की रात्री कूस बदलताना जाग येत नाही. चाल मात्र लगेच सुधारली नाही. बाई म्हणाल्या होत्या की सुधारायची घाई करू नकोस, भेगा भरू देत, जोर नको. दुखणं थांबल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर त्यांनी मला व्यायाम ठरवून दिला. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर उचलायचा. नंतर ओट्याला धरून उभं राहून पाय बाजूला न्यायचा. मी रविवारी जाऊन करून घ्यायचे. आत्याही शेजारी ओट्याला धरून करायच्या. त्यांना गरज नव्हती, पण सुनेला एकटीला लाज वाटायला नको म्हणून.

मग परीक्षा आली आणि मी मुंबईला परतले. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक वयस्क परीक्षक होते. माझ्या आधीच्या मुली रडवेल्या होऊन बाहेर येत होत्या. मी आत गेले.

"एक रुग्ण दोन्ही बाजूंना हेलकावे घेत चालतो. निदान सांगा."

"सर, निदान चालीवरून सांगता येणार नाही."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग काय सांगता येईल?"

मी स्टान्सपासून सुरुवात केली. एका पायावर भार असताना कंबर कोण धरतं, ते ढिलं पडलं की काय होतं, हेमिप्लेजिक आणि स्टेपेजमध्ये पाय पुढं नेण्याची अडचण कशी वेगळी. मग म्हटलं, आता मी रुग्णाला विचारीन. लहान मुलगा असेल आणि पोटऱ्या फुगलेल्या असतील तर स्नायूंचा आजार. चालायला लागल्यापासून तसाच चालत असेल तर दोन्ही खुबे निखळलेले असतील. तरुण बाई असेल, पाठोपाठ मुलं झालेली, हाडं दाबल्यावर दुखत असतील आणि घराबाहेर पडत नसेल तर मी तिचा एक्स-रे काढायला सुचवीन.

"शेवटचं कुठल्या पुस्तकात वाचलं?"

"पुस्तकातही आहे, सर. पण मी ते रहिमतपूरला पाहिलं."

"रहिमतपूरला ऊन नाही?"

"पुष्कळ आहे, सर. घरात येत नव्हतं."

ते मोठ्यांदा हसले आणि मला जायला सांगितलं. पास झाले, आणि बऱ्या मार्कांनी झाले.

निकालानंतर पेढे घेऊन रहिमतपूरला गेले तेव्हा दादा रजेवर आला होता. घर भरल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी मी निघाले तर आत्या म्हणाल्या, "हिला घेऊन जा ठेसनापत्तूर. दादा बी येईल." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वहिनी आधीच चप्पल शोधत होत्या. त्यांच्या चपला पोरांनी पलंगाखाली टाकलेल्या, इतक्या न वापरलेल्या की पट्ट्यांवर धूळ होती.

आम्ही चौघं निघालो. धाकटं दादाच्या खांद्यावर. डोक्यावर पदर घेतलेल्या वहिनी माझ्या शेजारून चालत होत्या, आणि वाटेतलं सगळं विचारत होत्या. हे दुकान कुणाचं, ती शाळा कुठली, एवढी माणसं कुठं चाललीत. पाऊल अजून जरा जपून पडत होतं, पण अंग सरळ होतं. स्टेशनवर गाडी यायला वेळ होता. दादानं बाकावर बसायला सांगितलं तर वहिनी म्हणाल्या, "बसायचं काय, घरी बसतोच की." आणि त्या फलाटाच्या पार टोकापर्यंत चालत गेल्या, तिथून रूळ कुठवर जातात ते बघत उभ्या राहिल्या.